फरशी ८:३५ ला पुसून झाली पाहिजे

पत्र: सांगलीत विश्रामबागला आमचं ऑफिस आहे. तळमजला आणि वरचा मजला मिळून ६,००० चौरस फूट, ५८ टेबलं. साफसफाईला तीन मावशी आणि एक मुलगा सकाळी सातला येतात. पावणेनऊला अकाउंट्सची माणसं वर येतात, बाकीचे सव्वानऊला. तरी रोज सव्वानऊला कुठे ना कुठे फरशी ओली असते, लोक पाय उमटवत जातात आणि मावशींना परत पुसावं लागतं. साहेब म्हणतात, एक माणूस वाढवा, नाहीतर सगळ्यांना सहाला बोलवा. काय करू? — प्रशासन अधिकारी, सांगली

उत्तर: दोन्ही करू नका. निदान आत्ता तरी नाही.

आधी सहाचं बोलू, कारण त्यात कायदा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात महिलांच्या कामाची वेळ सकाळी ७ ते रात्री ९:३० अशी धरली आहे. त्याबाहेर बोलवायचं तर त्यांची संमती हवी, कामाच्या जागी सुरक्षिततेची नीट व्यवस्था हवी आणि घराच्या दारापर्यंत ने-आणीची सोय हवी. म्हणजे मिरजेहून किंवा बुधगावहून येणाऱ्या मावशीला सहाला बोलवायचं तर सव्वापाचला तिच्या दारात गाडी उभी राहिली पाहिजे. त्या वेळी वडाप मिळेल की नाही याचा भरवसा नाही, आणि ती जोखीम तिच्यावर टाकायची नाही. शिवाय सातला ऑफिसात पोचायलाच ती पाचला उठते, पाणी भरते, पोरांचा डबा करते. गाडीचा खर्च धरला तर सहाची पाळी पाचव्या माणसाएवढीच महाग पडेल.

आणि पाचव्या माणसाने फरक का पडणार नाही, तेही सांगतो. तुमच्याकडे माणसं कमी नाहीत, काम एकाच्या मागे एक अडकलं आहे. टेबलं पुसल्याशिवाय केर काढता येत नाही, केर काढल्याशिवाय फरशी पुसता येत नाही आणि पुसलेली फरशी वाळल्याशिवाय त्यावर कुणी चालू नये. बहुतेक ठिकाणी सगळी फरशी एकाच माणसाकडे असते. ते काम सगळ्यांत मोठं, आणि सुरूही सगळ्यांत उशिरा होतं. बाकीचे तिघे सव्वाआठला मोकळे होतात आणि पुसणारी एकटी नऊ वाजून गेले तरी वाकलेली असते. पाचवा माणूस घेतलात तर सव्वाआठला मोकळे होणारे तिघांचे चौघे होतील, एवढंच.

तुमच्या जागेचा हिशेब मांडून बघू. टेबल रिकामं असेल तर ओलसर फडक्याने पुसायला मिनिटभर लागतं, म्हणजे ५८ टेबलांना तासभर. केबिन आणि रिसेप्शनचं काउंटर धरून ६५ मिनिटं. केर काढायला, रुंद डस्ट मॉप असेल तर, दोन्ही मजले मिळून ५० मिनिटं पुरतात. केरसुणीने जास्त लागतील, आणि धूळ उडून पुसलेल्या टेबलांवर परत बसेल. चार टॉयलेटना तासभर. जिना आणि काचेचा दरवाजा २५ मिनिटं. फरशी पुसायला मात्र १०० मिनिटं. टेबलांच्या पायांमधून मॉप फिरवत तासाला साधारण ३,६०० चौरस फूट होतात, त्यापेक्षा वेगाने होत असेल तर नुसतं पाणी फिरतंय असं समजा. या सगळ्याची बेरीज ३०० मिनिटं, चौघांत वाटली तर माणशी सव्वा तास. सात ते साडेआठ या वेळात ते बसतं. एका माणसाच्या १०० मिनिटांच्या पुसण्याला मात्र ७:४० च्या आत हात लागत नाही, म्हणून ते ९:२० ला संपतं. तुमची सव्वानऊची ओली फरशी ती हीच.

या हिशेबात कचऱ्याचे डबे आणि पॅन्ट्री धरलेली नाहीत. ती दोन कामं सकाळची नव्हेतच. पॅन्ट्रीतला ओटा, कप आणि सगळे डबे संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर शिपायाने उरकायचे. रात्रभर खरकटं राहिलं की झुरळं येतात, उंदीर येतात, तो त्रास वेगळाच. खिडक्यांच्या कडा, कॉन्फरन्स रूममधली कपाटं, पंख्यांची पाती यांनाही रोजच्या सकाळीत जागा नाही. त्यासाठी शनिवारी दुपारचा एक तास ठेवा.

आता वेळापत्रक. ते सातपासून पुढे मोजायचं नाही, माणसं येण्याच्या वेळेपासून मागे मोजायचं. नीट पिळलेल्या मॉपने पुसलेली व्हिट्रिफाइड टाइल पंखा चालू असेल तर १५ ते २० मिनिटांत वाळते. ढगाळ हवेत अर्धा तास धरा. बाकीचे सव्वानऊला येतात, म्हणजे शेवटचा मॉप ८:३५ ते ८:४० ला उचलला गेला पाहिजे. अकाउंट्सची माणसं पावणेनऊला येतात, म्हणजे त्यांचा भाग सव्वाआठच्या आत पुसून झाला पाहिजे. साफसफाईचा क्रम मजल्यांनी ठरवू नका, कोण आधी येतं त्यावरून ठरवा. अकाउंट्स वर आहे, म्हणून सुरुवात वर, आणि तीही अकाउंट्सच्या अर्ध्या भागापासून.

प्रत्येक मजल्याचे दोन अर्धे करा. वरचा पहिला भाग अकाउंट्सचा, दुसरा वरचा उरलेला, तिसरा खालचा मागचा, चौथा खालचा पुढचा, म्हणजे रिसेप्शनकडचा. एका मावशीकडे फक्त टॉयलेट द्या आणि तिला दुसरं काहीच देऊ नका. उरलेल्या दोन मावशी आणि मुलगा मिळून हॉल करतील.

सातला कुलूप उघडलं की पहिली दहा मिनिटं सामान काढणं, खिडक्या उघडणं, पंखे लावणं. ७:१० ला दोन्ही मावशी वर टेबलं पुसायला लागतात, एक पहिल्या भागात, दुसरी दुसऱ्या भागात. तेवढ्यात मुलगा दोन्ही बादल्या तयार करून जागेवर ठेवतो, आणि ७:२० ला पहिल्या भागात केर काढायला घेतो. टेबलं पुसणारी त्याच्या पुढे असते, तो तिच्या मागून सरकतो. साडेसातच्या आधी दोघींची वरची टेबलं होतात आणि त्या खाली उतरून तिसऱ्या-चौथ्या भागाची टेबलं घेतात. ७:४२ च्या सुमाराला ५८ च्या ५८ टेबलं झालेली असतात आणि वरचा केरही निघालेला असतो.

इथे तुमच्या आत्ताच्या पद्धतीत बदल होतो. टेबलं पुसणाऱ्या त्याच दोघी आता दोन मॉप आणि दोन बादल्या घेऊन परत वर जातात. एक अकाउंट्सचा भाग पुसते, दुसरी शेजारचा. दोन्ही आठ-सव्वाआठच्या मध्ये संपतात. तोवर मुलाने खालचा केर काढलेला असतो, म्हणून दोघी थेट खाली येऊन तिसरा आणि चौथा भाग घेतात. साडेआठ ते ८:३५ या वेळात शेवटचा मॉप उचलला जातो. अकाउंट्सला वाळायला अर्ध्या तासाहून जास्त मिळतो, बाकी सगळ्यांना ४० मिनिटं.

एक खाच नीट लक्षात ठेवा. अकाउंट्सची माणसं वर बसत असली तरी चालत येतात ती खालच्या दारातून आणि जिन्यावरून. अकाउंट्सची फरशी कोरडी आणि जिना ओला, असं झालं तर सगळी मेहनत पाण्यात. फरशी एरवी आतून दाराकडे पुसत जायची असते, पण चौथ्या भागात उलटं करायचं. मावशीने ८:१० ला खाली आल्या आल्या आधी दारापासून जिन्यापर्यंतचा पट्टा पुसून घ्यायचा, मग आतला भाग, आणि पट्ट्यावर परत पाय द्यायचा नाही. मुलानेही केर संपल्यावर आधी जिना घ्यायचा, वरून खाली, आणि मग काचेचा दरवाजा. पावणेनऊला पट्टा आणि जिना दोन्ही कोरडे असतील.

टॉयलेटची मावशी सातला काय करते यावर तिचा पूर्ण तास अवलंबून आहे. हार्पिकसारखं आम्लाचं क्लीनर टाकून लगेच घासलं तर ते काम करत नाही, नुसते हात दुखतात. त्याला दहा-पंधरा मिनिटं डाग धरून राहू द्यावं लागतं. म्हणून ७:१० ला तिने एका फेरीत चारही टॉयलेटमध्ये क्लीनर टाकून यायचं, मग पहिल्यापासून आरसे, बेसिन, नळ पुसत जायचं आणि परतीच्या फेरीत भांडी घासायची. एका भांड्याला तीनेक मिनिटं लागतात. टॉयलेटचं फडकं वेगळ्या रंगाचं ठेवा. लाल चालतं, आणि ते टेबलाला कधीही लागता कामा नये. तिला हेही एकदा समोर बसवून सांगा की क्लीनर आणि ब्लीचिंगचं पाणी एकाच भांड्यात कधी टाकायचं नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद टॉयलेटमध्ये तो जीवावर बेतू शकतो. ८:१० ला तिचं काम संपतं. पुढची २० मिनिटं तिला रिकामीच ठेवा. कुणी उशिरा आलं, कुठे चहा सांडलेला निघाला, तर हीच २० मिनिटं उपयोगी पडतात. काही झालं नाही तर ती मॉप धुवायला घेते.

आता वेळ कुठे गळते ते बघा. कागदावर सगळं जमतं आणि प्रत्यक्षात दोन ठिकाणी अडतं.

पहिलं म्हणजे किल्ली. सातला माणसं गेटवर असतात, वॉचमन चहाला गेलेला असतो, आणि पहिलं फडकं हातात येईपर्यंत ७:२५ होतात. तीन दिवस एका वहीत चार वेळा लिहायला सांगा: कुलूप कधी उघडलं, पहिलं टेबल कधी पुसलं, पहिली बादली कधी भरली, शेवटचा मॉप कधी उचलला. वही मुलाकडे द्या, तुम्ही उभं राहू नका, नाहीतर त्या तीन दिवसांपुरतं सगळं वेळेत होईल. कुलूप सातनंतर १५ मिनिटांपेक्षा जास्त उशिरा उघडलेलं दिसलं तर दुसरी किल्ली मुकादमाकडे किंवा सगळ्यांत जुन्या मावशीकडे द्या. बहुतेकांना एवढं एक केलं तरी पुरतं.

दुसरं म्हणजे पाणी, आणि हे कुणी मोजत नाही. अर्ध्या मजल्याला एक बादली पुरत नाही, मध्ये एकदा तरी पाणी बदलावं लागतं. चार भागांना मिळून आठ बादल्या. तुमच्या टॉयलेटमधला नळ सकाळी बारीक धार देत असेल तर दहा लिटरची बादली भरायला तीन-चार मिनिटं जातात. आठ बादल्यांना जवळजवळ अर्धा तास, आणि तोही फरशी पुसणाऱ्यांचाच, ज्यांच्याकडे एक मिनिट जास्त नाही. स्वतः एकदा बादली नळाखाली लावून घड्याळ बघा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर दोन्ही मजल्यांवर टॉयलेटबाहेर ५० लिटरचा झाकणाचा ड्रम ठेवा आणि संध्याकाळी शिपायाकडून पाइपने भरून घ्या. सकाळी मग्ग्याने किंवा ड्रमच्या तोटीने बादली अर्ध्या मिनिटात होते. ड्रम रोज सकाळी संपवायचा आणि झाकण कायम बसवायचं, कारण साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास अंडी घालतात. वरच्या टाकीची मोटारही रात्रीच लावून ठेवायची. सकाळी सातला टाकी रिकामी निघाली तर त्या दिवसाचं वेळापत्रक तिथेच संपतं.

पाणी बदललं नाही तर ते लगेच दिसतं. फरशी वाळल्यावर राखाडी पट्टे उमटतात, आणि मग लोक म्हणतात पुसलंच नाही. त्यावर मावशी फिनाइल वाढवतात, ते आणखी वाईट. जास्त फिनाइलने फरशी चिकट होते, चिकट फरशी जास्त धूळ धरते आणि वाळायलाही वेळ लागतो. बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाकायचं. एक टोपण ठरवून ते बादलीला दोरीने बांधून ठेवलं की हात सैल सुटत नाही.

मॉप किती पिळायचा याची खूण सोपी आहे. पिळून हवेत उभा धरला आणि मनात पाच मोजले, तोवर एक थेंबही पडता कामा नये. थेंब पडला तर परत पिळा. सैल पिळलेल्या मॉपने पुसणं लवकर झाल्यासारखं वाटतं, पण वाळायला दुप्पट वेळ लागतो. तुमच्या पत्रातले पायांचे ठसे यामुळेही असू शकतात. पिळायच्या बादलीचा दांडा किंवा जाळी ढिली झाली असेल तर मावशीला दोष देऊ नका, बादली बदला. दुसरी बादली-मॉपची जोडी तर तुम्हाला घ्यावीच लागेल. पाचव्या माणसाच्या पगारापेक्षा ती स्वस्त पडते.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, अर्ध्या तासाचं वाळणं पाऊण तासावर जातं. तेव्हा वेळ मागे ओढायला जागा नाही, म्हणून पाणी कमी करायचं. वरचा मजला नेहमीसारखा ओला पुसा. खाली फक्त दार ते जिना पट्टा आणि येण्या-जाण्याची वाट ओली पुसून, त्यावर लगेच कोरडा मायक्रोफायबर मॉप फिरवायचा. टेबलांखालचा भाग एक दिवसाआड. दाराबाहेर एक खरखरीत मॅट आणि आत एक पाणी शोषणारं मॅट टाकलं तर चिखल पुढे जात नाही. आतलं मॅट रोज उन्हात किंवा पंख्याखाली वाळलं पाहिजे, नाहीतर चौथ्या दिवशी कुबट वास सुटतो. म्हणून त्याच्या दोन जोड्या लागतात.

टेबलांना मिनिटभर धरलंय ते रिकाम्या टेबलांना. फायलींचे ढीग असतील तर पाच मिनिटंही पुरणार नाहीत, आणि मावशींनी कागद हलवले की भांडण ठरलेलं. साहेबांच्या सहीने एक ओळ सगळ्यांना पाठवा: संध्याकाळी टेबल रिकामं ठेवलं तर पुसलं जाईल, कागद असतील तर ते टेबल तसंच राहील. आणि मावशींना सांगा की कागद असलेल्या टेबलाला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात तक्रारी येतील. तेव्हा तुम्ही मावशींच्या बाजूने उभं राहायचं.

चौघांतलं एक गैरहजर असलं की काय, हे आधीच ठरवून भिंतीवर लावा, सकाळी सातला फोनवर ठरवू नका. तिघांत टॉयलेट पूर्ण, अकाउंट्सचा भाग पूर्ण, दार ते जिना पट्टा आणि जिना पूर्ण. बाकी तीन भागांत केर निघेल, पण फरशी फक्त चालायच्या वाटेवर पुसली जाईल, आणि खालची टेबलं दुसऱ्या दिवशी. मुलगा नसेल तर टॉयलेटची मावशी ८:१० नंतर जिना घेते, तिच्याकडची २० मिनिटं त्याच कामी येतात. दोघंच आली तर हॉलमध्ये ओलं पुसणं नाहीच. टॉयलेट, अकाउंट्सचा केर, जिन्याचा केर, एवढंच. अर्धवट ओल्या फरशीपेक्षा कोरडी, झाडलेली फरशी बरी.

८:३५ नंतरची पंधरा मिनिटं सामानाची आहेत, ती कुणालाही खाऊ देऊ नका. मॉप स्वच्छ पाण्यात धुऊन, पिळून, डोकं वर करून टांगायचा. ओला मॉप बादलीत तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याचाच वास अख्ख्या मजल्यावर पसरतो आणि त्याला फिनाइलही झाकू शकत नाही. लाल फडकी वेगळी धुवायची, वेगळ्या दोरीवर. ८:५० ला चौघं बाहेर.

सुरुवात सोमवारी करू नका. रविवारच्या सुट्टीनंतरची धूळ, सुट्टीत साचलेलं खरकटं आणि चारांतलं एखादं गैरहजर, सगळं त्याच दिवशी येतं. मंगळवारी सुरू करा. पहिले तीन दिवस जुनाच क्रम ठेवून फक्त वही भरून घ्या आणि शुक्रवारपासून दुसरा मॉप आणून नवा क्रम सुरू करा, वही चालूच ठेवा. पुढच्या गुरुवारी वही उघडा. शेवटचा मॉप ८:४० च्या पुढे जात असेल तर आधी कुलपाची वेळ बघा, मग बादलीची. दोन्ही ठीक असून उशीर होत असेल, तरच तुमच्या जागेला चौघं कमी पडतात. तेव्हा पाचवा माणूस सकाळी पूर्ण वेळ नको, ७:४० ते ८:४० एक तास तिसऱ्या मॉपवर मागा.